उत्तर: जादा गेलेला पगार आणि ग्रॅच्युइटीतली वसुली

वाचकाची प्रतिक्रिया: "चुकून जादा गेलेला पैसा सरकारचा, म्हणजे आपल्या सगळ्यांचा. तो परत घेतला तर अन्याय कसला? तुम्ही कर्मचाऱ्यांची बाजू फारच ओढून धरता."

सर, पैसा जनतेचा आहे हे मला मान्यच आहे. पण चूक दुरुस्त करणं आणि मागची वसुली करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधीच्या लेखात मी हे नीट उलगडायला हवं होतं.

साताऱ्यातल्या एका कार्यालयातल्या लिपिकबाईंचं प्रकरण मी जवळून पाहिलं. 2012 मध्ये कालबद्ध पदोन्नतीची वेतननिश्चिती करताना आस्थापना शाखेने एक वेतनवाढ जास्त धरली. 2023 मध्ये निवृत्तीच्या तीन महिने आधी सेवापुस्तक पडताळणीला गेलं, तिथे आक्षेप निघाला, आणि थेट आदेश आला: 1,38,000 रुपये ग्रॅच्युइटीतून वळते करा. ना नोटीस, ना हिशोबाचा तक्ता.

सर्वोच्च न्यायालयाने रफीक मसीह प्रकरणात (डिसेंबर 2014) अशी वसुली कुठे करता येणार नाही ते सांगितलं आहे. गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळत राहिली असेल अशी प्रकरणं त्यात येतात. बाई या तिन्हींत बसत होत्या. कारणही समजण्यासारखं आहे: तो पगार दरमहा घरात खर्च झालेला असतो, आणि आकडा त्यांनी नव्हे, कार्यालयाने लिहिलेला असतो. खोटी माहिती देऊन रक्कम मिळवली असती, तर मी हे लिहिलंच नसतं.

मात्र तुमच्या म्हणण्याला बळ देणारा निकालही आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. जगदेव सिंग प्रकरणात (2016) एका न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतन घेताना "जादा रक्कम आढळल्यास परत करीन" असं हमीपत्र दिलं होतं. निवृत्तीनंतरही वसुली कायम राहिली, सवलत एवढीच की ती दोन वर्षांत, सोयीच्या हप्त्यांनी करायची. म्हणून कोणी सल्ला विचारला की मी आधी सेवापुस्तकातलं हमीपत्र शोधायला सांगतो. ते कधी आणि कोणत्या वेतननिश्चितीसाठी दिलं, हे वाचल्याशिवाय अर्ज लिहू नये.

बाईंच्या 2012 च्या वेतननिश्चितीला हमीपत्र नव्हतं. त्यांनी हिशोबाचा तक्ता मागितला, चूक आस्थापनेची असल्याचं सेवापुस्तकातल्या नोंदीसह दाखवलं आणि लेखी निवेदन दिलं. दाद मिळाली नसती, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा रस्ता होता, पण तिथे साधारण वर्षभराची मुदत असते. ती वेळ आली नाही, वसुली रद्द झाली.

पेन्शन मात्र दुरुस्त केलेल्या, म्हणजे कमी मूळ वेतनावर बसली. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही, आणि घेतली असती तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो नसतो.