‘क्लेम नाही’ या एका टिकची किंमत

आज दुपारी मावसभावाबरोबर गॅरेजमध्ये उभी होते. त्याच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च एक लाख 84 हजार रुपये आहे आणि विमा कंपनीने क्लेम नाकारल्याचे पत्र त्याच्या हातात होते. खंबाटकी घाटाच्या अलीकडे त्याची गाडी दुभाजकावर आदळली. त्यात त्याची चूक नव्हती, तो प्यायलेला नव्हता, लायसन्स वैध होते, पॉलिसीही चालू होती. तरीही पैसे मिळाले नाहीत, कारण सात महिन्यांपूर्वी पॉलिसी घेताना त्याने एक गोष्ट लपवली होती.

त्याच्या आधीच्या वर्षी पार्किंगमध्ये बंपर फुटला होता आणि जुन्या कंपनीने त्याचे चौदा हजार रुपये दिले होते. सलग तीन वर्षे क्लेम नसला तर चौथ्या वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 35 टक्के नो क्लेम बोनस मिळतो आणि एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो. कंपनी बदलताना फॉर्मवर प्रश्न आला, ‘मागील वर्षी क्लेम घेतला होता का?’ एजंट म्हणाला, ‘नाही लिहा साहेब, कोण बघतंय.’ नऊ हजारांच्या हप्त्यात तीन हजार दीडशे रुपये वाचले.

मला सर्वांत जास्त राग त्या ‘कोण बघतंय’चा आला. पॉलिसी विकताना कदाचित कोणी पाहत नसेल, पण मोठा क्लेम आला की नवी कंपनी जुन्या कंपनीला एक पत्र पाठवते आणि थोड्याच दिवसांत जुना क्लेम क्रमांक, तारीख आणि रक्कम हाती येते. फॉर्मच्या शेवटी घोषणापत्र असते की ही माहिती खोटी ठरल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सर्व लाभ जप्त होतील. त्याखाली त्याची सही आहे, एजंटची नाही. तो एजंट आता फोन उचलत नाही.

कंपनीचीही यात चूक आहे, हे मान्य करावे लागते. बोनसचा पुरावा न घेता पॉलिसी दिली तर 21 दिवसांत जुन्या कंपनीला विचारावे, असा नियम मोटार टॅरिफ या वाहन विम्याच्या जुन्या नियमावलीत दिलेला आहे. तो न पाळता हप्ता घ्यायचा आणि अपघात झाल्यावर शोध घ्यायचा, हे बरोबर नाही. काही प्रकरणांत याच कारणावरून ग्राहक आयोगांनी काही रक्कम द्यायलाही लावली आहे. भाऊ आता कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करणार आहे. मी त्याला ते जरूर कर म्हटले. पण पैसे मिळतीलच असे मी त्याला सांगू शकले नाही.

पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी वापराची गाडी भाड्याने फिरवणाऱ्यांना मी कालपर्यंत हेच ऐकवत होते, की विमा कंपनीपासून गाडीचा खरा वापर लपवू नका. तेथे निदान सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अमलेंदू साहू यांच्या प्रकरणात, वापराची अट मोडली म्हणून क्लेम पूर्ण नाकारू नये, असे म्हटले होते आणि अशा क्लेमवर मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत देण्याची पद्धतही आहे. पण त्यासाठी किती वर्षे कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागतात, याचा हिशेब ही माणसे करत नाहीत.

गाडीजवळ गेल्यावर माझा राग थोडा ओसरला. तुटलेल्या पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर जुन्या दुरुस्तीचा रंग दिसत होता, बाकीच्या पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळट. भावाने त्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘ताई, अपघाताच्या आधी मी सांगितले असते तर?’ मी त्याला खरे तेच सांगितले. चूक लक्षात आल्यावर त्याने स्वतः कंपनीला कळवून तो बोनसचा फरक भरला असता, तर पॉलिसीवर दुरुस्तीची नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट, झाली असती आणि आजचा क्लेम या कारणावरून अडला नसता. त्यासाठी त्याला सात महिने मिळाले होते. त्यानंतर तो फार वेळ बोलला नाही आणि मलाही पुढे काही म्हणवले नाही.

घरी येऊन मी आमची पॉलिसी काढली. आम्ही मार्चमध्ये साठ हजारांचा सीएनजी किट बसवला. आरटीओकडे नोंद केली, आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ असे आले. पॉलिसीवर मात्र अजून नुसते ‘पेट्रोल’ आहे. किटच्या किमतीवर साधारण चार टक्के, म्हणजे दोन हजार चारशे रुपये जादा हप्ता आणि थर्ड पार्टीसाठी साठ रुपये लागतील. यांनी विचारले, ‘नूतनीकरणाला पाच महिने आहेत, तेव्हा सांगू या का?’ मी कंपनीला मेल लिहून, आरसीची प्रत आणि किटचे बिल जोडून, त्यांच्यासमोरच पाठवला.