एक बेल, डबल बेल

दर रविवारी रात्री साडेनऊला मी बाबांना फोन करते. ते नायगावला चाळीत, दादा-वहिनीकडे. मी दहिसरला. एकाच शहरात राहून फोनवर भेटायचं हे गावाकडच्यांना विचित्र वाटतं, पण दहिसरहून नायगाव म्हणजे रविवारचा अर्धा दिवस गेला.

आई गेल्यावर पहिलं वर्षभर आमचा फोन दोन मिनिटांत संपायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का, पाऊस आहे का तिकडे, बरं ठेवू का. गोळीची चौकशी झाली की आमच्याकडचे विषय संपत. आईच आमची टेलिफोन ऑपरेटर होती. ती जोडून द्यायची, आम्ही बोलायचो.

मग मी एक चूक केली. मुलाखतींसाठी लोक वापरतात तसल्या प्रश्नांची एक यादी नेटवर सापडली आणि एका रविवारी मी ती समोर ठेवून बसले. "बाबा, आयुष्यात सगळ्यात अभिमान वाटला तो क्षण कोणता?" पलीकडे शांतता. "तसा काही नाही." बरं. "कशाचा पश्चात्ताप होतो?" "नाही गं." तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी घसा खाकरून एक लांबलचक उत्तर दिलं आणि शेवटी विचारलं, "बरोबर आहे ना?"

ते "बरोबर आहे ना" मला अजून टोचतं. समोरचा माणूस असं विचारायला लागला की समजावं, आपण गप्पा मारत नाही आहोत, तोंडी परीक्षा घेतोय. आणखी खुणा आहेत. उत्तरं आखूड होत जातात, उलट प्रश्न एकही येत नाही, आणि मध्येच "बरं, आणखी काय?" येतं. ते ऐकलं की यादी मिटून ठेवावी.

तशा याद्यांमध्ये सगळ्यात गाजलेली आहे ती ३६ प्रश्नांची. मानसशास्त्रज्ञ आर्थर आरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ती प्रसिद्ध केली, अनोळखी माणसांत जवळीक कशी निर्माण होते ते बघायला. अनोळखी माणसांच्या जोड्या, पाऊण तास आणि हळूहळू खोल जाणारे प्रश्न. यादी सगळे शेअर करतात, पण त्यातली एक अट हटकून विसरतात. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं असतं. मी हेच केलं नव्हतं. माझा अभिमानाचा क्षण बाबांना कुठे माहीत होता?

२०१३ मध्ये सुझन स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी हेच स्काइपवर करून पाहिलं. काही जोड्यांनी पाळीपाळीने विचारलं आणि सांगितलं. काहींमध्ये आधी एकानेच सगळं सांगायचं, दुसऱ्याने फक्त विचारायचं, आणि मग भूमिका बदलायच्या. पाळीपाळीने बोललेल्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. दुसऱ्यांनी नंतर भूमिका बदलूनही ते मागेच राहिले. म्हणजे "आधी तुमचं सगळं ऐकते, मग माझं सांगते" हेसुद्धा चालत नाही. लगेच सांगावं लागतं.

आता आम्ही दोनच खेळ खेळतो. पहिला 'थाप'. आज घडलेल्या तीन बारीकशा गोष्टी सांगायच्या, त्यातली एक खोटी. समोरच्याने ओळखायची आणि का वाटतं तेही सांगायचं. "आज" ही अट महत्त्वाची. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत. जुनं आठवत नाही म्हणून हरले, असं त्यांना एकदाही वाटायला नको. आणि सुरुवात मी करते, नेहमी.

दुसरा खेळ अंदाजाचा. इथे फार सांभाळावं लागतं. "मला काय आवडतं ओळखा" हा प्रश्न दिसायला लाडाचा, पण आतून सापळा आहे. चुकलं की "तुम्हाला एवढंही माहीत नाही?" आलंच. नवीन लग्न ठरलेल्यांची निम्मी भांडणं यावरच होत असावीत. म्हणून आम्ही उलटा खेळतो. विचारणाऱ्यानेच समोरच्याचं उत्तर ओळखायचं, आणि अंदाज चुकला तर समोरच्याने खरं काय ते सांगायचं. त्यामुळे चुकण्यातच मजा येते.

एकदा मी म्हटलं, "वडापावात तुम्हाला सुकी लाल चटणी जास्त आवडत असणार." बाबा म्हणाले, "चूक. ड्युटीवर मी चटणीच घ्यायचो नाही."

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. माझ्या ओठावर पुढचा प्रश्न तयार होता, चहा की कॉफी. पण त्या दिवशी फोनवर आवाज जरा उशिरा पोचत होता, म्हणून मी थांबले. मनात पाचपर्यंत मोजलं असेल. आणि बाबाच पुढे म्हणाले, "लाल हात तिकिटाला लागले की डाग पडतो. पॅसेंजर म्हणतो, असलं कसलं तिकीट. तुझ्या आईला हे माहीत होतं. ती डब्यात चटणी कागदाच्या पुडीत वेगळी द्यायची, घरी येताना खायला."

इतकी वर्षं मी समजत होते की बाबांना तिखट सोसत नाही.

चहा की कॉफी विचारलं असतं तर ती पुडी कधीच उघडली नसती. गप्पांची प्रश्नमंजुषा होते ती बहुतेक वेळा या पुढच्या प्रश्नामुळेच. म्हणून आता एका फोनला तीन प्रश्न, त्याहून जास्त नाही. पहिल्या उत्तरातच अर्धा तास गेला तर बाकीचे दोन राहू देत.

नियमाचं नाव बाबांनीच ठेवलं. बसमध्ये एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमच्याकडे "एक बेल" म्हटलं की इथेच थांबायचं, अजून सांग. "डबल बेल" म्हणजे हा स्टॉप नको, पुढे चल. कारण विचारायचं नाही. आईच्या शेवटच्या महिन्यांवर बाबांनी दोनदा डबल बेल दिली आणि मी गप्प पुढे गेले. मीही एकदा दिली. कशावर ते इथे नाही लिहीत.

व्हिडिओ कॉलवर हे जमलं नाही. बाबा स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसतात, केस सारखे करतात. साध्या फोनवर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि मी लसूण सोलते. हात कामात असले की मधली शांतता अंगावर येत नाही. स्पीकर मात्र बंद हवा. एकदा तो चालू होता, पुतण्याने मागून ओरडून उत्तर दुरुस्त केलं आणि बाबांनी खेळच गुंडाळला.

माझ्याकडूनही एक माती खाऊन झाली आहे. चटणीची गोष्ट मी कौतुकाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. आत्यांचे रडके इमोजी आले, काकांनी हात जोडले. पुढचे दोन रविवार बाबांचं परत "जेवलीस का, ठेवू का." तिसऱ्या रविवारी एवढंच म्हणाले, "ते तुला सांगितलं होतं गं." आज इथे लिहिते आहे ती त्यांना आधी वाचून दाखवून. डबल बेल आली नाही. फक्त एक ओळ काढायला लावली.

परवाच्या रविवारच्या त्यांच्या तीन गोष्टी अशा. सकाळी दादर स्टेशनपर्यंत चालत जाऊन आलो. वहिनीच्या नकळत दोन जिलब्या खाल्ल्या. तुझ्या आईचा जुना पंखा दुरुस्त केला, फिरतोय.

मी जिलब्या म्हटलं. चूक. पंखा म्हटलं. तेही चूक.

"मग स्टेशन?" "हो. भोईवाड्यापर्यंतच गेलो. गुडघा दुखायला लागला."

गुडघ्याचं हे मला दर रविवारी "तब्येत कशी आहे" विचारून कळलं नव्हतं. उद्या हाफ डे टाकून नायगावला जाते आहे.