घोड्याचं वर्ष आणि आमची चाळीस घड्याळं

आमचं काम इचलकरंजीत सूत एक्सपोर्ट करायचं. चीनमध्ये ग्वांगचौला आमचे एक जुने क्लायंट आहेत, त्यांना मी इथे चेनसाहेब म्हणतो (खरं नाव टाकलं तर मालक मला कोनात गुंडाळतील). 2026 च्या फेब्रुवारीत मालकांनी फर्मान काढलं, "17 तारखेला त्यांचं नवीन वर्ष हाय, घोड्याचं. जरा झ्याक शुभेच्छा जाऊ दे, आणि दिवाळीची उरलेली घड्याळं बी पाठव."

घड्याळं म्हणजे कंपनीचं नाव छापलेली भिंतीवरची घड्याळं, चाळीस, गोडाऊनमध्ये पडलेली. मी आपलं हो म्हणालो आणि सहज म्हणून ग्वांगचौत राहणाऱ्या आतेभावाला, दादाला, फोन केला. तर दादा पलीकडून असा ओरडला की मला वाटलं गॅसच लीक झाला. झालंय असं, की चिनीत 'घड्याळ भेट देणे' याचा उच्चार आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणे' याचा उच्चार एकच. म्हणजे आम्ही नवीन वर्षाच्या मुहूर्तावर चेनसाहेबांना गंगाजळ आणि तुळशीपत्र पाठवणार होतो, तेही कंपनीचं नाव छापून. वर आकडा चाळीस, म्हणजे त्यात चार, आणि चारचा उच्चार मरण या शब्दाच्या जवळ जातो.

मालकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "अरे शब्दाला एवढं काय घाबरायचं!" हे कोण बोलतंय, तर ज्यांच्या घरी बांगडी फुटत नाही वाढते, नारळ फोडत नाहीत वाढवतात, आणि निघताना कुणी 'जातो' म्हटलं की वहिनी दारातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावतात. मी गप्प बसलो. मग त्यांनी विचारलं, मनगटी घड्याळ चालतं का? दादा म्हणाला चालतं, त्याला शब्द वेगळा आहे. मनगटी घड्याळाची किंमत ऐकून मालकांनी भेटवस्तूचा विषय बंद केला.

आता मेसेज. मालकांना शोध लागला की चेनसाहेबांचा जन्म 1978 चा, म्हणजे घोड्याच्याच वर्षातला, म्हणून त्यांनी स्वतः ड्राफ्ट केला, 'सर, हे तर तुमचंच वर्ष, यंदा तुमची चांदी!' मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दादा म्हणाला, बाबांनो, दर बारा वर्षांनी आपलं जन्मवर्ष फिरून आलं की ती माणसं धास्तावतात, ते वर्ष त्रासाचं मानतात, लाल मोजे, लाल आतले कपडे, मनगटाला लाल दोरा असं काय काय वर्षभर घालतात. थोडक्यात साडेसाती. आणि आम्ही चाललो होतो 'अभिनंदन, शनिमहाराज तुमच्या राशीत आले' असं कळवायला.

एवढ्यावर भागलं असतं, पण मालकांनी शेवटी एक ओळ घातलीच, 'जुन्या इन्व्हॉइसचं पेमेंट बाकी आहे, कृपया बघावे'. दादाने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथे आला. तिकडे जुनी देणी वर्ष संपायच्या आत फेडायची पद्धत आहे, आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसांत उधारी मागणं म्हणजे अपशकुन, समोरच्याचं वर्षभर पैशानं नुकसान व्हावं असं म्हटल्यासारखं. त्यात 15 ते 23 सरकारी सुट्टी, आणि फॅक्टऱ्या तर त्याच्याही आधी बंद व्हायला लागतात, कामगार गावी जातात, मग कोण बघणार इन्व्हॉइस? म्हणून आठवण सुट्टीच्या आधीच, वेगळ्या मेलने, बिनशुभेच्छांची पाठवायची. 9 तारखेला पाठवली. 12 ला पैसे आले! मालक दिवसभर चहा पाजत होते.

राहिल्या शुभेच्छा. दादाने दोनच ओळी दिल्या. पहिली 'कुंग शी फा त्साय', पैसाअडका येवो, हे व्यापाऱ्याला कधीही चालतं. दुसरी 'मा ताओ छंग कुंग', म्हणजे घोडा पोचला की काम फत्ते, ही एरवीही म्हणतात पण घोड्याच्या वर्षात जास्तच शोभते, आणि यात त्यांच्या जन्मवर्षाचा विषय निघत नाही. मालक म्हणाले, "घोड्याचं ऱ्हाऊ दे, कंटेनर पोचू दे म्हण." ते मी लिहिलं नाही.

आपल्याकडे वीचॅट 2020 पासूनच बंद, म्हणून मी मेल केला आणि दादाने तिकडून आमच्या वतीने वीचॅटवर कँटोनीजमध्ये 'कुंग हेइ फात छोय' टाकलं. तर चेनसाहेब एवढे खूश की त्यांनी दादाला तिथल्या तिथे लाल पाकीट पाठवलं, 8 युआन 88, कारण आठ लकी. आपले शंभर-सव्वाशे रुपये झाले असतील.

मालकांचा दुपारीच फोन. "ते पैसे कंपनीच्या नावाने आलेत न्हवं? दादाला म्हणावं आधी इकडं पाठव. आणि अकाउंटंटला विचार, कुठल्या खात्यात दाखवायचे."