सासूबाई स्वप्नात आल्या म्हणून

“सासरची माणसं स्वप्नात सारखी येत असतील तर तुमच्या मनात त्यांच्याबद्दल दडलेला द्वेष आहे. पहाटे असं स्वप्न पडलं तर घरात लवकरच भांडण होणार. ज्यांनी सासर मनापासून आपलं मानलं, त्यांना अशी स्वप्नं पडतच नाहीत.”

असं लिहिलेलं वाचलं. त्यातलं आधी पहाटेचं बघू. झोपेत साधारण दर ९० मिनिटांनी रेम झोपेचा, म्हणजे मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात तो टप्पा येतो. असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये तो नोंदवला. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. रात्र सरते तसे हे टप्पे लांबत जातात, म्हणून पहाटे ते सर्वात मोठे असतात. त्यातच गजर झाला की स्वप्न लक्षात राहतं. घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या सुनेला पहाटेची स्वप्नं आठवतात त्याचं कारण हे आहे. पुढे काय घडणार, हे त्यातून कळत नाही.

द्वेषाचा मुद्दा मला फार खटकतो, कारण तो वाचून कितीतरी जणी स्वतःलाच दोष देत बसतात. केल्विन हॉल आणि व्हॅन डी कॅसल या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये स्वप्नं नोंदवायची एक पद्धत मांडली. तिच्यात स्वप्नात कोण होतं, कोण कोणाशी कसं वागलं आणि काय वाटलं, हे वेगवेगळं टिपतात. माझ्या मैत्रिणीचं स्वप्न असं तपासून पाहू. घरातले सगळे पंगतीला बसलेत, ती वाढतेय, आणि स्वतः बसायला जाते तर तिच्यासाठी ताटच मांडलेलं नाही. सासूबाई समोर आहेत, पण रागवत नाहीत, काही बोलतही नाहीत. मैत्रिणीलाही त्यांचा राग आलेला नाही. तिला वाटतं ते अवघडल्यासारखं, कुणाच्या तरी घरी आल्यासारखं. आदल्या दिवशी काय झालं होतं, असं मी विचारलं. घर बदलायचं ठरलं होतं आणि सामान बांधायचं काम तिच्याकडे आलं होतं. घर पसंत आहे का, हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं. द्वेष शोधत बसलो असतो तर हे हाती लागलंच नसतं.

उरला आपलेपणाचा दाखला. जागेपणी ज्या माणसांचा आणि ज्या काळज्यांचा विचार जास्त, तीच स्वप्नात जास्त येतात, हे स्वप्नांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्या घरात जीव गुंतलाय, तेच घर रात्री येणार. परक्या घराची पंगत चुकली म्हणून कोण कासावीस होतं?

मात्र तेच भयंकर स्वप्न वारंवार झोपमोड करत असेल, तर त्यावर उपचार आहे. स्वप्नाचा शेवट आपल्या मनासारखा बदलून लिहायचा आणि दिवसा रोज थोडा वेळ तो डोळ्यांसमोर आणायचा. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने करावं. जागेपणी त्या घरात मारहाण किंवा धमक्या होत असतील, तर स्वप्न बाजूला ठेवून आधी त्याबद्दल मदत मागा.