'भीगी भीगी'चं मूळ गाणं सत्तरीतलं नव्हे

"'गँगस्टर'मधलं 'भीगी भीगी' हे मूळचं सत्तरच्या दशकातलं बंगाली प्रेमगीत. मोहिनेर घोडागुली नावाच्या बँडचं. तेव्हा या बँडने अख्खं कोलकाता डोक्यावर घेतलं होतं."

असा एक दावा केला जातो. त्यात बँडचं नाव बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

आधी साल. मूळ गाणं 'पृथिबीटा नाकि' नीट ऐका, बंगाली येत नसली तरी सुरुवातीलाच दोन शब्द कानावर पडतील: सॅटेलाइट आणि केबल. जग म्हणे लहान होत होत दिवाणखान्यातल्या 'बोका बाक्सो'त, म्हणजे आपल्या इडियट बॉक्समध्ये, कैद झालंय. कोलकात्यात दूरदर्शनच आलं १९७५ साली, आणि केबलवाल्याने गच्चीवरून वायर टाकायला सुरुवात केली ती नव्वदीत. मग सत्तरीत हे कुणी लिहिलं असेल? गाणं आहे १९९५ च्या 'आबार बछर कुडि परे' या अल्बममधलं. या नावाचा अर्थच 'पुन्हा वीस वर्षांनी', आणि मला वाटतं घोळ तिथेच होत असावा. बँडचे गौतम चट्टोपाध्याय यांनी नव्या पोरापोरींना हाताशी धरून तो काढला. कव्हरवर बँडचं नाव 'संपादित' म्हणून आहे, जसं दिवाळी अंकावर संपादकाचं असतं.

प्रेमगीत? अर्धंमुर्धं. 'तू आणि मी' त्यात आहेत, पण ताऱ्यांसारखे प्रकाशवर्षं दूर सरकत चाललेले. घरबसल्या सगळ्या दुनियेशी संपर्क, आणि शेजारी बसलेलं माणूस मात्र लांब, अशी ती तक्रार आहे. २००६ मध्ये संगीतकार प्रीतमने 'गँगस्टर' सिनेमासाठी चाल हिंदीत आणली तेव्हा टीव्ही, केबल, दिवाणखाना सगळं गळालं आणि भिजलेल्या रात्री उरल्या. चाल देशभर पोचली, त्यातलं शहर मात्र कोलकात्यातच राहिलं. (हिंदीत गाणारा जेम्स बांगलादेशचा, तिथल्या बंगाली रॉकमधलं मोठं नाव. एवढा धागा तेवढा शाबूत राहिला.)

राहिलं डोक्यावर घेणं. बँडच्या तीन छोट्या तबकड्या आल्या, १९७७, १९७८ आणि १९७९ साली. गिटार, व्हायोलिन, बंगालच्या बाउल लोकगायकांच्या ढंगाचं गाणं आणि शब्दांत कोलकाता. रवींद्रसंगीत आणि सिनेगीतांवर वाढलेल्या श्रोत्यांना ते पचलं नाही. ऐंशीच्या सुरुवातीला बँड पांगला. त्यांचा श्रोता तयार व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. १९९२ मध्ये गायक सुमन चट्टोपाध्याय यांच्या 'तोमाके चाई' या अल्बमने रोजच्या शहराची गाणी घराघरांत नेली, आणि मग कॉलेजची पोरं या जुन्या तबकड्यांच्या कॅसेट शोधत फिरू लागली. गौतम १९९९ मध्ये गेले. 'भीगी भीगी' त्यांनी ऐकलंच नाही.