तरंगणारी गोळी आणि ‘कापलेला’ पोल

«चुंबकाखाली लोखंडी गोळी तरंगवणे सोपे आहे. वजनाइतके आकर्षण येईल एवढा करंट सोडा. सिस्टिमचा अस्थिर पोल दिसला तर त्याच जागी झीरो ठेवून तो कापून टाका. तरीही गोळी थरथरली तर गेन वाढवा.»

हा फॉरवर्ड रत्नागिरीत अंतिम वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याकडे आला आणि त्याने त्याबरहुकूम आठवडाभर गोळ्या पाडल्या, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पहिल्या सल्ल्यातले समीकरण बरोबर आहे, एवढे मान्य करतो. पण समतोल म्हणजे स्थैर्य नव्हे. पारा किंवा बिस्मथसारखे प्रतिचुंबकीय पदार्थ सोडल्यास स्थिर चुंबकीय क्षेत्रात असे तरंगणे शक्य नाही, हे अर्नशॉच्या 1842 च्या सिद्धांताच्या आधारे ब्राउनबेक यांनी 1939 मध्ये दाखवले आहे. लोखंडाला त्यातून सुटका नाही.

खरा घात दुसऱ्या सल्ल्यात आहे. आकर्षण करंटच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरले, अंतर 10 मिमी व करंट 1 अँपिअर घेतला आणि समतोलाभोवती रेखीकरण केले, तर असे मिळते:

```
x'' = 1962 x - 19.62 i
```

येथे x म्हणजे अंतरातील वाढ मीटरमध्ये, i म्हणजे करंटमधील वाढ अँपिअरमध्ये. गोळीचे वजन यात उरतच नाही. पोल ±44.3 वर येतात. आता +44.3 वर झीरो ठेवला, तर संदर्भ बदलून काढलेला आलेख संगणकावर गुळगुळीत दिसतो, कारण त्यात गोळी नेमकी समतोलातच आहे असे गृहीत असते. बंद लूपच्या समीकरणात मात्र (s - 44.3) हा अवयव जसाच्या तसा राहतो. गोळी 0.1 मिमी सरकलेली असेल, तर साधारण एक दशांश सेकंदात ती 5 मिमी दूर गेलेली असते. भाच्याच्या टेबलावर तेच घडत होते, आणि तो बिचारा सेन्सरला दोष देत बसला.

झीरो ठेवायचा तो डावीकडे. लीड कॉम्पेन्सेटरचा झीरो -44.3 वर ठेवावा, तेथला पोल स्वतःहून विरणारा असल्याने तो कापला तरी चालतो, आणि कॉम्पेन्सेटरचा पोल दहापट दूर, -443 वर घ्यावा:

```
i = K (s + 44.3)/(s + 443) x
```

येथे K 1000 च्या वर गेल्याशिवाय गोळी थांबतच नाही, आणि 3026 च्या आसपास दोन्ही उरलेले पोल -199 वर एकत्र येतात. याचा अर्थ, एक मिलिमीटर सरकल्यास अखेरीस सुमारे 0.3 अँपिअर जादा करंट.

तिसऱ्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे: 1000 च्या खाली असाल तर गेन वाढवावाच लागतो. पण लीड नसताना नुसत्या प्रमाणी गेनने गोळी झोक्यासारखी हलतच राहते, आणि गेन जितका वाढवाल तितकी ती जलद हलते. त्यात कॉइलचा उशीर मिसळला की ती पडतेच. लीड असतानाही K फार वाढवल्यास सेन्सरची खरखर करंटमध्ये उतरते: K 3026 असताना सेन्सरमध्ये अचानक 0.3 मिमीची उडी आली, तर क्षणभर सुमारे 0.9 अँपिअरचा फरक मागितला जातो, म्हणजे समतोलाचा करंट जवळपास संपतोच.