ताज्या तारखेवर भागत नाही

"माइलस्टोन ट्रेंड चार्ट म्हणजे होऊन गेलेल्या उशिराचं चित्र, बाकी काही नाही. ताज्या रिपोर्टमध्ये नवी तारीख असते, शेजारी हिरवा-पिवळा-लाल रंग असतो. दोन-तीन आठवडे मागेपुढे चालायचंच. आणि रेघ आडवी असेल तर त्या माइलस्टोनकडे बघायचीही गरज नाही."

प्रकल्पांच्या बैठकांत ऐकू येणारा हा दावा. त्यातलं 'होऊन गेलेल्या उशिराचं चित्र' हे म्हणणं चार्टची रचना पाहिली की टिकत नाही. आडव्या अक्षावर रिपोर्टची तारीख असते आणि उभ्या अक्षावर माइलस्टोनची, म्हणजे प्रकल्पातल्या ठरलेल्या टप्प्याची, त्या दिवशी सांगितलेली पूर्णतेची तारीख. दोन्ही अक्षांची मोजपट्टी एकच असल्यामुळे ४५ अंशांत चढणारी तिरकी रेषा म्हणजे 'आज' ठरते. माइलस्टोनची रेघ तिला टेकली की माइलस्टोन पूर्ण झाला. रेघेच्या टोकापासून तिरक्या रेषेपर्यंतचं उभं अंतर म्हणजे उरलेले दिवस. म्हणजे दाखवायचं असतं ते हे अंतर मिटतंय का, आणि किती वेगाने.

एक उदाहरण घेऊ. १ जानेवारीच्या रिपोर्टमध्ये डिझाइन मंजुरीची तारीख १५ मार्च आहे. १ फेब्रुवारीला ती ३१ मार्च होते, १ मार्चला २० एप्रिल आणि १ एप्रिलला १० मे. दर वेळी १६ ते २० दिवसांची सरक. तीन आठवड्यांच्या आतली सरक पिवळी, असा नियम असेल तर तिन्ही वेळा पिवळाच रंग लागतो आणि बैठकीत पुढचा विषय निघतो. रंग मागच्या रिपोर्टशी तुलना करून ठरत असल्यामुळे बेरीज कुणीच करत नाही. ती आहे ५६ दिवस.

त्याहून बोलकं आहे ते उरलेल्या दिवसांचं गणित. १ जानेवारीला मंजुरी ७३ दिवस लांब होती, १ एप्रिलला ३९ दिवस. मधे ९० दिवस गेले आणि अंतर कमी झालं फक्त ३४ दिवसांनी. हाच वेग राहिला तर उरलेल्या ३९ दिवसांना साधारण १०३ दिवस लागतील, म्हणजे मंजुरी जुलैच्या मध्यावर जाईल. ताज्या रिपोर्टमधली '१० मे' ही एकटी तारीख यातलं काहीच सांगत नाही. जुलै हे भाकीत म्हणून घेऊ नये, प्रश्न म्हणून घ्यावं: आतापर्यंत जे अडत होतं ते आता कशामुळे सुटणार आहे? ठोस उत्तर मिळालं तर १० मे मान्य करायला हरकत नाही. सरक थेट तिरक्या रेषेला समांतर असती, म्हणजे महिन्याला महिनाभर, तर रेघ तिला कधीच टेकली नसती.

आडव्या रेघेबद्दलचा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. याच प्रकल्पात सिस्टिम सुरू करण्याची तारीख चारही रिपोर्टमध्ये ३१ मे आहे, रेघ अगदी सरळ. पण १ जानेवारीला डिझाइन मंजुरी आणि सिस्टिम सुरू होणं यांच्यात ७७ दिवस होते, आता २१ उरलेत. बांधणी आणि चाचणी या दोन्ही गोष्टी त्याच फटीत बसवायच्या आहेत. खालची रेघ वर चढतेय आणि वरची ढिम्म, असं दिसलं की वरची तारीख नव्याने हिशेब करून आलेली नसते. बहुधा ती कुणाला तरी दिलेला शब्द असतो. अशी रेघ शेवटपर्यंत आडवी राहते आणि तिरक्या रेषेजवळ आली की एकदम उभी उडी मारते. खरोखर वेळेवर चाललेला माइलस्टोनही आडवाच दिसतो, म्हणून रेघ एकटी वाचायचीच नाही. तो ज्या माइलस्टोनवर अवलंबून आहे त्याची रेघ शेजारी हवी.

'दोन-तीन आठवडे चालतात' हे एकदा खरं असतं. रेघ एका पायरीने चढून पुन्हा आडवी झाली तर चिंतेचं कारण नाही, अंदाज सुधारला एवढंच. पायऱ्या सलग तीन झाल्या की अंदाज बांधण्याच्या पद्धतीतच गडबड आहे. रेघ वर-खाली नागमोडी असेल तर तारीख सांगणाऱ्यालाच कामाचा आवाका कळलेला नसतो.

दाव्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की चार्ट कारण सांगत नाही, आणि त्याला फसवणंही सोपं आहे. नवा बेसलाइन प्लॅन, म्हणजे ज्याच्याशी प्रगती ताडून बघतात तो आराखडा, मंजूर झाला की जुने बिंदू पुसले जातात आणि रेघ नव्याने आडवी सुरू होते. कधी 'डिझाइन मंजुरी'ची गुपचूप 'डिझाइन मंजुरी, भाग १' होते. अनेक प्लॅनिंग साधनांत नवी तारीख जुनीवर लिहिली जाते, म्हणून दर रिपोर्टला एक ओळ आणि दर माइलस्टोनला एक रकाना असा साधा तक्ता वेगळा ठेवावा आणि लिहिलेली ओळ बदलू नये. तीन महिन्यांच्या कामाला महिन्याला एक रिपोर्ट असेल तर मात्र कल कळेपर्यंत काम संपत आलेलं असतं; तिथे बिंदू आठवड्याला घ्यावे लागतात.